चार खोल्यांचा नकाशा फक्त काटकोनात फिरवा : जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

मा. साहेब, आणि समितीतले जिभाऊ, आप्पा, ताई मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

आपल्या शाळेला चार नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नकाशा लागला, सगळं चांगलं झालं. मी गावातलाच, पोटापाण्यासाठी शहरात एका इंजिनिअरच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करतो आणि त्यातलं बरंचसं शाळांचंच असतं, त्यामुळे नकाशा दिसला की हात खाली राहत नाही, मोबाईलवर फोटो काढून घरी बसून मोजमापं बघितली. आता जे लिहितोय ते कुणाची चूक काढायला नाही. पायाची आखणी अजून व्हायची आहे, फक्की पडली की मग कुणी ऐकत नाही, म्हणून घाई.

नकाशा टाइप प्लॅन आहे, म्हणजे सगळीकडे चालतो तोच. खोली आतून २० बाय २५ फूट, चार खोल्या एका ओळीत, पुढे सहा फुटी व्हरांडा. खोलीबद्दल नंतर बोलतो. आधी मोठी गोष्ट, ती ओळ दक्षिणोत्तर टाकलीय आणि व्हरांडा पश्चिमेला रस्त्याकडे, कारण काय तर शाळेचं तोंड रस्त्याकडे पाहिजे. म्हणजे सगळ्या खिडक्या पूर्वेला आणि पश्चिमेला. आणि पश्चिम म्हणजे आपल्या खानदेशात काय असतं हे साहेब, तुम्हाला सांगायची गरज नाही, मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो हे सोडा, तेव्हा शाळा नसते, पण मार्चची सकाळची शाळा सुरू होईपर्यंतच्या दुपारी आणि पूर्ण ऑक्टोबर, तेव्हा तर मुलं वर्गातच असतात ना.

लोक म्हणतील व्हरांडा आहे की, ऊन अडेल. नाही अडत. ऑक्टोबरच्या मध्यात दुपारी चारला आपल्याकडे सूर्य आकाशात जेमतेम २७-२८ अंशांवर असतो आणि जवळजवळ पश्चिमेलाच. व्हरांड्याचा स्लॅब दहा फुटांवर धरला आणि व्हरांडा सहा फूट, तर त्या कोनात भिंतीवर वरचे साडेतीन फूट सावली पडते. म्हणजे साडेसहा फुटांच्या खाली सगळं ऊन. आणि आपली खिडकी कुठे आहे, तर खिडकीवरच्या आडव्या पट्टीपासून, म्हणजे सात फुटांच्या लिंटलपासून तीन फुटांपर्यंत. जवळपास अख्खी खिडकी उन्हात! हा हिशोब पटत नसेल तर शाळेतल्या जुन्या दोन खोल्या बघा, त्यांचंही तोंड पश्चिमेलाच आहे. खिडकीकडच्या रांगेतला तिसरा बाक दुपारी साडेतीननंतर भिंतीकडे ओढलेला असतो, फरशीवर त्याच्या पायांचे चरे पडलेत, आणि काचांना आतून पेपर चिकटवलेत. पेपर पिवळे पडले की मॅडम नवे लावतात. आणि काचेला पेपर म्हणजे भर दुपारी ट्यूबलाइट चालू, आणि लाइट गेली की अंधार. कुठल्याही शाळेत जाऊन बघा, काचेला पेपर किंवा रंग फासलेला दिसला की ती इमारत चुकीच्या दिशेला बसलीय समजायचं, मीटर-बिटर काही लागत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की हीच ओळ काटकोनात फिरवा. लांबी पूर्व-पश्चिम करा, मैदानाच्या उत्तरेच्या कडेला बसवा, व्हरांडा दक्षिणेला मैदानाकडे. जागा मी मोजलीय, पुढे सुचवलेल्या २२ बाय २४ च्या चार खोल्या भिंतींसकट शंभर-एकशे दोन फुटांत बसतात आणि आपलं मैदान त्या बाजूला त्यापेक्षा भरपूर मोठं आहे.

दक्षिणेला ऊन नसतं का, असतं, पण ते वरून येतं. डिसेंबरात, म्हणजे सूर्य सगळ्यात खाली असतो तेव्हाही आपल्या अक्षांशावर दुपारी बाराच्या सुमाराला तो ४५ अंशांवर असतो. व्हरांडा सहाऐवजी आठ फुटी केला तर दहा फुटी स्लॅबच्या खाली आठ फूट सावली, खिडकीला ऊन शिवतच नाही. थंडीत सकाळच्या पहिल्या तासाला खिडकीच्या तळाशी थोडं येईल, येऊ द्या की, पोरं आनंदाने तिथे बसतील. आणि उत्तरेला तर थेट ऊन जवळपास नाहीच. जूनमध्ये सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकतो हे खरं आहे, पण तेव्हाही तो इतका उंचावरून येतो की दोन फुटी छज्जा पुरतो. म्हणजे उत्तरेची खिडकी आपण पाहिजे तेवढी मोठी करू शकतो, उजेड मिळेल, चटका नाही.

आता हे फिरवल्यावर फळा कुठे, हा प्रश्न येतो. फळा पूर्वेच्या भिंतीवर घ्या, मुलांची तोंडं पूर्वेला. मग त्यांच्या डाव्या हाताला उत्तर येते, म्हणजे मोठ्या खिडक्या डावीकडे, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर स्वतःच्याच हाताची सावली पडत नाही. (वास्तुवाले पण खूश होतील, विद्यार्थ्याचं तोंड पूर्वेला, फुकटात.) फळ्याच्या भिंतीत एकही खिडकी नको, आणि उत्तरेची पहिली खिडकी फळ्याच्या भिंतीपासून साडेचार फूट सोडून सुरू करा, नाहीतर फळा चमकतो आणि उजव्या कोपऱ्यातल्या मुलाला अक्षरांऐवजी उजेडाचा पट्टा दिसतो. "माले दिखस नही सर" असं पोरगं म्हणतं तेव्हा नेहमी डोळ्यांचाच नंबर असतो असं नाही.

खिडकीची उंची मात्र वाढवा, ही गोष्ट एस्टिमेटमध्ये सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त फरक हिच्यानेच पडतो. उजेड खोलीत आत किती जातो हे खिडकीच्या रुंदीपेक्षा तिच्या वरच्या कडेवर ठरतं, ढोबळ हिशोब असा की वरची कड जेवढी उंच त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामाचा उजेड. सात फुटांच्या लिंटलला चौदा फूट, म्हणजे पलीकडची शेवटची रांग कायम अंधारात. लिंटल नऊ फुटांवर नेला तर अठरा फूट, आणि मी सुचवतोय त्या बावीस फुटी खोलीतले उरलेले चार फूट व्हरांड्याकडच्या खिडक्या सांभाळून घेतात. उत्तरेला साडेचार फूट रुंद, सहा फुटांपेक्षा थोड्या उंच अशा तीन खिडक्या, तळ पावणेतीन फुटांवर. दक्षिणेला व्हरांड्यात चार बाय साडेचारच्या दोन आणि दार. दोन्ही बाजू उघड्या म्हणून वाराही आरपार.

तपासायचं कसं, तर ढगाळ दिवशी, आषाढातला कुठलाही, अकरा वाजता लाइट बंद करून सगळ्यात अंधाऱ्या बाकावर मोबाईलचं लक्स, म्हणजे उजेडाचं माप, दाखवणारं ॲप ठेवा. मोबाईल थोडं इकडे-तिकडे दाखवतो, पण अंदाज येतो. आपल्याकडचे उजेडाचे भारतीय मानक ८,००० लक्सचं आकाश धरून चालतात आणि वर्गात बाकावर त्याच्या १.९ ते ३.८ टक्के उजेड मागतात, म्हणजे साधारण दीडशे ते तीनशे लक्स. दीडशेच्या खाली आला की त्या मुलाला दिवसा ट्यूब लावावी लागणार.

एक गोष्ट रंगाची. आपल्याकडे भिंतीला खालून चार फूट चॉकलेटी ऑइल पेंट मारायची पद्धत आहे, मळ दिसत नाही म्हणून, आणि वर "बोलक्या भिंती" म्हणून पाढे, प्राणी, नकाशे, गडद निळ्या-हिरव्या रंगात. मला ती चित्रं आवडतात, पण ती व्हरांड्यात काढा हो. आतला गडद रंग खिडकीतून आलेला उजेड पिऊन टाकतो, छत पांढरं आणि भिंती फिक्या ठेवल्या तर तोच उजेड आपटत आपटत पलीकडच्या रांगेपर्यंत पोचतो.

आता आवाज. हा विषय कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतो आणि शिक्षकांचा घसा मात्र दरवर्षी बसतो. आपल्या खोल्या म्हणजे प्लास्टरच्या भिंती, आरसीसी स्लॅब, खाली शहाबादी किंवा टाइल्स, सगळं कडक, आवाज शोषून घेणारं काहीच नाही. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, ती विरायला किती वेळ लागतो ते. मी ज्या मापाची खोली सुचवतोय (२२ बाय २४ फूट, ११ फूट उंच) तिचं घनफळ १६४ घनमीटरच्या आसपास, आणि असलं कडक सामान असलं तर हिशोबाने आवाज पूर्ण विरायला चार सेकंदांच्या वर जातात. चाळीस मुलं बसली की त्यांचे कपडे आणि अंगच आवाज शोषतं, तेव्हा दीड सेकंदावर येतं. खिडक्या उघडल्या तर अजून थोडं कमी. पण शिकवण्यासाठी ते पाऊण सेकंदाच्या आत पाहिजे, अमेरिकेतल्या शाळांच्या मानकात तर छोट्या वर्गाला ०.६ सेकंदच आहे आणि तेही रिकाम्या वर्गात.

सेकंदभराने काय बिघडतं? बोलताना स्वर जोरात निघतात आणि व्यंजनं हलकी. "पाठ" म्हणताना आ मोठा, ठ बारीक. खोली घुमत असली की त्या आ-ची शेपटी मागे रेंगाळते आणि पुढच्या ठ-वर बसते, शेवटच्या बाकावर पाट गेलं की पाठ हे कळतच नाही. बरं मोठ्या माणसाला अर्धं ऐकून उरलेलं ओळखता येतं कारण त्याला शब्द माहीत असतात, पहिली-दुसरीचं पोर, घरी अहिराणी किंवा भिली-पावरी बोलणारं, त्याला तो शब्दच नवा असतो, ते काय ओळखणार. आमच्या समितीच्या ताईंना मी एक तपासणी सुचवतो, करून बघा. सरांनी फळ्यापाशी उभं राहून नेहमीच्या आवाजात पाट-पाठ, ताट-थाट, काल-खाल, कर-खर असे वीस शब्द उलटसुलट क्रमाने वाचायचे आणि पुढच्या व मागच्या रांगेने लिहायचे. एकदा पंखे बंद, एकदा चालू. मागच्या रांगेचे चुकलेले शब्द पुढच्यापेक्षा बरेच जास्त निघाले तर दोष मुलांचा नाही.

उपाय साधा आहे, छताला वूडवूल बोर्ड. लाकडाच्या बारीक शेवया सिमेंटमध्ये दाबून केलेला असतो, दमटपणाला टिकतो, पेट घेत नाही सहजी. इंच-दीड इंच जाडीचा, छतापासून दोन इंच पोकळी सोडून पट्ट्यांवर ठोकायचा. अख्खं छत झाकायचं नाही, सुमारे अडीचशे चौरस फूट पुरे, म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी, आणि तोही कडेने आणि मागच्या बाजूला, मधला आणि फळ्यासमोरचा भाग कडक राहू द्या कारण तिथून आपटून सरांचा आवाज मागे पोचतो. मागच्या भिंतीला तीन ते सात फुटांपर्यंत सॉफ्टबोर्ड, मुलांची चित्रं लावायला पण होतो. एवढं केलं की चाळीस मुलांसकट हिशोब पाऊण सेकंदाच्या आसपास येतो, खिडक्या उघड्या असल्या तर त्याच्याही खाली.

दोन-तीन ठिकाणी हे बिघडतं. कुणीतरी म्हणेल पीओपीचं सिलिंग करू, छान दिसतं. दिसतं, पण सपाट पीओपी आवाजाला भिंतीसारखंच कडक. कुणी थर्माकोल नाहीतर अंड्यांचे ट्रे सुचवेल, त्याने आवाजाला काही होत नाही आणि आग लागली तर भडका, तेव्हा नकोच. आणि वूडवूल लावल्यावर दोन वर्षांनी रंगाचा ठेकेदार येतो आणि त्याच्यावर जाड डिस्टेंपरचे दोन हात मारतो, छिद्रं बुजली की बोर्ड गेला. रंग हवाच तर पातळ स्प्रे. हे वाक्य टेंडरच्या अटीत टाका.

छत अकरा फुटांवर ठेवा. गरमी कमी होईल म्हणून तेरा-चौदा फूट करा असं कुणी म्हणेल, पण उंची वाढली की घनफळ वाढतं आणि खोली तेवढी जास्त घुमते, गरमीसाठी स्लॅबच्या वर पांढरा चायना मोझॅक करा, तो पैसा तिकडे लागू द्या. पत्रा मात्र कुठल्याही परिस्थितीत नको, श्रावणात सर आली की शिकवणं बंदच.

बाहेरच्या आवाजाचं निम्मं काम इमारत फिरवल्यानेच होतं. ट्रॅक्टर, केळीच्या गाड्या, कांदा-कापसाच्या सीझनमध्ये तर विचारू नका, सगळा आवाज पश्चिमेच्या रस्त्यावरून. आता ठरलेल्या नकाशात चारही खोल्यांच्या खिडक्या त्या रस्त्याकडे उघडतात. फिरवलं की रस्त्याकडे फक्त शेवटच्या खोलीची मागची कोरी भिंत येते, आणि हीच भिंत दुपारचं पश्चिमेचं ऊनही अंगावर घेते. ती चौदा इंची करा, जमलं तर तिला लागून साहित्याची कोठी काढा म्हणजे चौथा वर्गही गार आणि शांत. खोल्यांमधल्या भिंती नऊ इंची विटांच्या आणि थेट स्लॅबला भिडवलेल्या पाहिजेत, वर वायरिंगसाठी ठेवलेली भोकं बुजवून घ्या, नाहीतर तिसरीच्या कविता चौथीत ऐकू येतात. दारं सगळ्या खोल्यांना एकाच बाजूला, फळ्याच्या टोकाकडे. दोन खोल्या आरशासारख्या उलट केल्या तर दारं शेजारी शेजारी येतात आणि एकीतला आवाज व्हरांड्यातून वळून दुसरीत शिरतो. एकाच हाताला ठेवली तर दोन दारांमध्ये चोवीस-पंचवीस फूट पडतात.

आता मी २० बाय २५ ऐवजी २२ बाय २४ का म्हणतोय ते. दोघांचा बाक साडेतीन फूट रुंद, आणि बसायच्या जागेसकट पुढे-मागे तीन फूट लागतात. चाळीस मुलं म्हणजे वीस बाक, आडवे चार आणि मागे मागे पाच. आडव्या चार बाकांचे झाले चौदा फूट. वीस फुटांच्या खोलीत उरले सहा, म्हणजे मध्ये तीन बोळ दोन-दोन फुटांचे आणि कडेचे बाक भिंतीला चिकटलेले, भिंतीकडचा मुलगा उठला की शेजारच्याला उठावं लागतं, आणि सर त्याच्या वहीपर्यंत पोचत नाहीत. बावीस केली की दोन्ही कडांना एकेक फूट मिळतो, तेवढ्यात मूल आडवं होऊन निघतं. लांबीत फळ्यापासून पहिल्या बाकापर्यंत सात फूट, पाच बाकांचे पंधरा, मागे दोन, झाले चोवीस. शेवटच्या मुलापासून फळा बावीस फुटांच्या आत, आणि पुढच्या कोपऱ्यातल्या मुलालाही मान फार मोडावी लागत नाही. खोलीमागे फक्त २८ चौरस फूट वाढले. स्लॅबचा गाळा दोन फुटांनी वाढतो म्हणून बीम थोडा खोल जाईल, स्टील थोडं वाढेल, ते साहेबांनी बघावं, पण बीम उत्तर-दक्षिणच टाका, खिडकीला समांतर टाकला तर उजेडाच्या आड येतो.

फळ्याला लांबीच्या भिंतीवर नेऊ, मुलं जवळ येतील, असंही एक साहेब म्हणाले होते. दुसरीकडे चाललं असतं. इथे लांबीच्या दोन्ही भिंतींत खिडक्या आहेत, मग फळ्याच्या बाजूला उजेड डोळ्यात, आणि आडवे पाच बाक झाले की कोपऱ्यातल्या मुलाला फळ्याचं पलीकडचं टोक इतकं तिरकं दिसतं की वाचता येत नाही.

बाकांचं टेंडर वेगळं निघतं आणि ते शेवटी, उरलेल्या पैशांत, म्हणून मुद्दाम लिहितोय. लोखंडी फ्रेमचा, बैठक आणि डेस्क एकत्र वेल्ड केलेला बाक घेऊ नका. मजबूत असतो, मान्य, पण गटात बसायचं म्हटलं की फिरत नाही. त्याऐवजी वीस टेबलं, साडेतीन फूट बाय दीड फूट, आणि चाळीस सुट्या खुर्च्या. मग पहिली रांग टेबलासकट मागे वळून दुसरीला भिडते, तिसरी चौथीला, आणि शेवटच्या रांगेतली चार टेबलं दोन-दोन अशी जोडायची, चार-चार मुलांचे दहा गट तयार. उंची वर्गाप्रमाणे दोन मापांत तरी घ्या. बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलाच्या वरच्या कडेला आलं पाहिजे, नुसती एवढी खूण घेऊन पहिलीतली चार आणि सातवीतली चार मुलं नमुन्याच्या बाकावर बसवून बघा आणि मगच बिल काढा. सगळ्या पायांना रबरी बूट, ते निघाले तर सायकलच्या दुकानातून ट्यूबचे तुकडे आणून बसवा. चाळीस लोखंडी खुर्च्या एकदम सरकल्या की वर छताला काय लावलंय त्याला काही अर्थ राहत नाही.

ट्यूबलाइट खिडकीला समांतर दोन ओळींत, आणि खिडकीकडच्या ओळीचं बटण वेगळं. फळ्यावर एक वेगळी. बस.

साहेब, टाइप प्लॅन बदलायचा अधिकार शाखा अभियंत्यांना नसतो हे मला माहीत आहे, पण जागेवर दिशा फिरवायला, लिंटलची उंची वाढवायला वेगळा टाइप प्लॅन लागत नाही, साइट प्लॅन दुरुस्त करून वरच्या साहेबांची मंजुरी घेता येते. खोलीचं माप आणि वूडवूलसाठी सुधारित एस्टिमेट लागेल, ते नाहीच जमलं तर निदान पट्ट्या ठोकायला छतात फास्टनर आत्ताच सोडा, बोर्ड आपण गावातून वर्गणी काढून लावू. आणि जिभाऊ, पुढच्या बैठकीत शाळेचं तोंड रस्त्याकडेच पाहिजे असं कुणी धरून बसलं तर गेट आणि नावाची कमान रस्त्याकडे करा, वर्गांना मैदानाकडे तोंड करू द्या. फिरवलेला नकाशा मापांसकट काढून ठेवलाय, आखणीच्या दिवशी टेप आणि दोरी घेऊन मी स्वतः येतो, फक्त तारीख आदल्या दिवशी तरी कळवा.

आपला,
गावातलाच एक ड्राफ्ट्समन